दाराखालची फट आणि पहिलं वाद्य

वाद्य शिकायचं ठरलं की माणूस आधी दुकानात जातो, मग भावात अडकतो आणि वाद्य घरी आणल्यावर ते ठेवायला जागा शोधतो. ठाणे, डोंबिवली किंवा कल्याणच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या नोकरदाराने हा क्रम उलटा करावा. रोज वाजवायला कोणता अर्धा तास खरोखर मोकळा मिळणार आहे आणि त्या अर्ध्या तासात घरात कोण झोपलेलं किंवा अभ्यासाला बसलेलं असणार आहे, हे आधी बघावं. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की दुकानातली निम्म्याहून अधिक वाद्यं आपोआप बाद होतात आणि मग भावाची घासाघीस फार थोड्या वस्तूंपुरती उरते.

उदाहरण म्हणून एक घर धरू. डोंबिवली पूर्वेला जुन्या चारमजली इमारतीत वन-बीएचके, नोकरी फोर्टात, वय चाळिशीपार. बाई संध्याकाळच्या फास्ट लोकलने आठच्या सुमारास घरी पोचतात. स्वयंपाक, जेवणं, ओटा आवरणं होईपर्यंत साडेनऊ वाजतात. बेडरूममध्ये दहावीतला मुलगा पुस्तक घेऊन बसलेला असतो आणि सासूबाई आडव्या झालेल्या असतात. हॉल मोकळा असतो तो एवढाच वेळ. हाताशी आठ हजार रुपये आहेत. इच्छा अगदी स्पष्ट आहे: लहानपणापासून ऐकलेली भावगीतं आणि नाट्यपदं स्वतःच्या बोटांनी वाजवायची आणि जमलंच तर पुढे कधीतरी सोसायटीच्या भजनी मंडळाला साथ करायची.

अशा माणसाला शंभरातले नव्वद लोक पेटी घ्यायला सांगतील, आणि त्यात चूक काहीच नाही. मराठी गाण्याला पेटीचा सूर चिकटलेलाच आहे. गोविंदराव टेंब्यांपासून पु. ल. देशपांड्यांपर्यंत पेटी वाजवणाऱ्यांची नावं आपल्याकडे घराघरात माहीत असतात. ज्या ठाण्यात पं. राम मराठे राहिले आणि आजही त्यांच्या नावाने संगीत महोत्सव होतो, ज्या कल्याणात गायन समाज आहे आणि ज्या डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर पाय ठेवायला जागा नसते, तिथल्या माणसाला पहिलं वाद्य म्हटल्यावर गिटार आठवत नाही, पेटीच आठवते. पण साडेनऊची पेटी आणि बेडरूममधला मुलगा यांच्यामध्ये फक्त एक दार आहे. तेव्हा पेटीच्या आधी त्या दाराचा विचार करावा लागतो.

साधारण दार सात फूट उंच आणि तीन फूट रुंद असतं, म्हणजे एकवीस चौरस फूट. आपल्याकडच्या दारांना खाली पाऊण इंचाची फट सर्रास असते. तीन फूट लांब आणि पाऊण इंच उंच फट म्हणजे जवळजवळ ०.१९ चौरस फूट, दाराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्क्याहून किंचित कमी. आता ध्वनीचं साधं गणित असं की पडद्याच्या एक टक्का भागाला भोक असेल, तर बाकीचा नव्व्याण्णव टक्के भाग सागवानी असो की पोलादी, आवाज फार तर वीस डेसिबलने कमी होतो. दार कितीही जाड केलं तरी हा आकडा पुढे सरकत नाही, कारण आवाज दारातून जातच नाही, फटीतून जातो. वीस डेसिबल कमी झाले म्हणजे ध्वनीची ऊर्जा शंभरावा हिस्सा उरते, पण कानाला तो आवाज साधारण चौथाई झाल्यासारखाच वाटतो.

हॉलमध्ये बसून मध्यम जोराने वाजवलेल्या पेटीचा आवाज बेडरूमच्या दारापाशी सत्तर डेसिबल धरला, तर दारापलीकडे पन्नासच्या आसपास उरतो. पन्नास डेसिबल म्हणजे शेजारच्या खोलीत कुणीतरी बोलत असल्यासारखा आवाज. पंख्याच्या घरघरीतही तो स्पष्ट कळतो. फटीत जुना टॉवेल गुंडाळून दाबला किंवा दाराच्या तळाला रबराची पट्टी बसवली तर बराच फरक पडतो आणि हा उपाय पन्नास-शंभर रुपयांत होतो. पण बाहेरच्या बाजूला खिडक्या आहेत. एप्रिल-मे महिन्यात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात खिडक्या लावून अर्धा तास भाता ओढणं डोंबिवलीत कुणाला जमणार नाही, आणि उघड्या खिडकीतून आवाज अडवला जातच नाही. तो बाहेर पडून वरच्या आणि बाजूच्या उघड्या खिडकीत शिरतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. साडेनऊला बसलेल्या माणसाच्या हातात नियमाची अर्धा तासच मुदत आहे. शेजारी पोलिसांत जात नाहीत, हे खरं. पण शिकाऊ माणसाच्या आवाजाचा त्रास त्याच्या मोठेपणामुळे होत नाही, तो तेच तेच पुन्हा ऐकावं लागल्यामुळे होतो. ‘सा रे ग म’ चाळिसाव्यांदा ऐकणारा सज्जन शेजारीही शेवटी माणूसच असतो.

वाद्य घेण्याआधी ही परीक्षा फुकटात करता येते. मोबाइलला साधा ब्लूटूथ स्पीकर जोडून त्यावर पेटीवादनाचं एखादं रेकॉर्डिंग लावावं आणि हातभर अंतरावर खरी पेटी वाजतेय असं वाटेल इतका आवाज ठेवावा. मग बेडरूममध्ये दार लावून पाच मिनिटं बसावं, नंतर जिन्यात जाऊन समोरच्या दाराशी उभं राहावं. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी अॅप पाच-सात डेसिबलने सहज चुकतात, पण हॉलमधला आणि बेडरूममधला फरक किती हे ती ठीक दाखवतात आणि आपल्याला हवा असतो तो फरकच.

काही वाद्यं या परीक्षेपर्यंतही पोचत नाहीत. तबला-डग्ग्याची जोडी आठ हजारांच्या आत मिळते, कोपऱ्यात मावते. पण डग्ग्याची घुमक हवेतून कमी आणि फरशीतून जास्त जाते. स्लॅबमधून उतरलेला तो धक्का खालच्या घरात छतातून येतो आणि जाजम, गादी, उशी यांनी थोडाच थांबतो. जाजम हवेतला आवाज शोषतं. स्लॅबच्या कंपनाला त्याने विशेष फरक पडत नाही. शिवाय तबला शिकणारा एकट्याने लेहरा धरू शकत नाही, त्यामुळे सोबत आणखी एक आवाज लागतो. सतार आणि तानपुऱ्यासाठी मिरजेसारखं गाव महाराष्ट्रात आहे आणि २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तरी वन-बीएचकेत भोपळा सुरक्षित राहील अशी जागा नसते आणि आठ हजारांत मिळणारी सतार बहुधा भिंतीवर टांगायच्याच लायकीची असते. गिटार आवाजाने सौम्य आणि भावाने परवडणारी आहे, पण तिच्यावर सुरुवातीचे महिने तालात कॉर्ड धरण्यात जातात. ज्याला ‘गाणं वाजवायचं’ म्हणजे गाण्याची चाल वाजवायची आहे, त्याला ते सारं आडरस्त्याने गेल्यासारखं वाटतं. गाता गळा असेल आणि स्वतःच्या गाण्याला साथ हवी असेल तर मात्र गिटारचा विचार जरूर करावा.

उरतात तीन: पेटी, कीबोर्ड आणि बासरी. आपल्या उदाहरणातल्या बाईंसाठी माझं उत्तर कीबोर्ड आहे, आणि हे उत्तर पेटीवाल्यांना फारसं आवडणार नाही याची मला कल्पना आहे. आपल्याकडे कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’च म्हणतात आणि हा शब्द बऱ्याचदा जरा हिणकसपणे उच्चारला जातो. पण कीबोर्डला हेडफोनचं भोक असतं आणि साडेनऊच्या घरात सगळं गणित त्या भोकावर येऊन थांबतं. वायर लावली की स्पीकर बंद होतो. उरते ती पट्ट्या दाबल्याची टकटक. कीबोर्डखाली दुहेरी घडीची चादर घातली आणि टेबल शेजारच्या घराच्या भिंतीपासून दोन बोटं दूर ठेवलं की तीही मिटते.

कीबोर्ड घेताना पहिली नजर पट्टीच्या रुंदीवर हवी. पूर्ण आकाराच्या कीबोर्डवर एका ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंतचं अंतर साधारण साडेसोळा सेंटिमीटर असतं. स्वस्तातल्या लहान कीबोर्डांवर ते दोन-तीन सेंटिमीटरने कमी असतं आणि ते लहान मुलांच्या बोटांसाठी ठीक असतं. मोठ्या माणसाची बोटं त्यावर एकमेकांवर चढतात आणि हाताला लागलेली सवय पुढे पेटीवर उपयोगी पडत नाही. दुकानात किंवा विकणाऱ्याच्या घरी जाताना खिशात साधी फूटपट्टी ठेवली की हा प्रश्न पाच सेकंदांत मिटतो.

दुसरा प्रश्न पट्ट्यांच्या संख्येचा. एकसष्ट पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं, एकोणपन्नास म्हणजे चार. नेहमीच्या बेचाळीस पट्ट्यांच्या पेटीत साडेतीनच सप्तकं असतात आणि त्यात आपली सगळी नाट्यपदं बसतात. म्हणजे एकोणपन्नास पुरतात. जागेचा फरक मात्र मोठा आहे: एकसष्ट पट्ट्यांचा कीबोर्ड जवळपास पंच्याण्णव सेंटिमीटर लांब असतो, एकोणपन्नासचा त्याहून वीतभर तरी आखूड. पण बाजारात एकसष्टचेच जास्त मिळतात, जुने तर बहुतेक तेच. तो कपाटाच्या आणि भिंतीच्या फटीत कव्हर घालून उभा ठेवता येतो; आडवाच पाहिजे असं काही नाही.

पूर्ण आकाराचा नवा एकसष्टचा कीबोर्ड बहुधा आठ हजारांच्या पलीकडे जातो. म्हणून आपल्या बाईंनी जुना पाहावा. या भागात जुने कीबोर्ड मुबलक असतात, कारण मुलासाठी मोठ्या हौशीने घेतलेला कीबोर्ड दोन सुट्ट्यांनंतर माळ्यावर जातो. पाच-साडेपाच हजारांत बरी वस्तू मिळते. उरलेल्या पैशांतून वायरचे हेडफोन, अडॅप्टर आणि जमलं तर घडीचा स्टँड. वायरचेच घ्यायचे, हे ठासून सांगतो. ब्लूटूथ हेडफोनमध्ये पट्टी दाबल्यापासून सूर कानात पोचायला इतका उशीर होतो की तो बोटांना जाणवतो. माणसाला वाटतं आपल्याला ताल कळत नाही, आणि दोष असतो हेडफोनचा. काही कीबोर्डांचं भोक मोठ्या पिनचं असतं. त्याला लागणारी छोटी जोडपिन कोणत्याही इलेक्ट्रिक दुकानात मिळते.

जुना कीबोर्ड तपासायला पंधरा मिनिटं लागतात आणि ती विकणाऱ्याच्या घरात, वीज जोडूनच घालवायची. प्रत्येक पट्टी एकदा हळू आणि एकदा जोरात दाबायची, डावीकडून उजवीकडे, एकही न गाळता. पट्ट्यांखाली रबराचे छोटे बटणवजा तुकडे असतात आणि आपल्या चार महिन्यांच्या पावसात त्यांच्या संपर्कावर मळ बसतो. मग एखादी पट्टी हळू दाबली तर गप्प राहते आणि जोरात दाबली तर एकदम ओरडते. अशा दोन-तीन पट्ट्या असतील तर दुरुस्ती साध्या सफाईने होऊ शकते आणि भाव कमी करून घ्यायला कारण मिळतं. दहा-बारा असतील तर परत फिरावं. हेडफोन लावून दोन्ही कानांत आवाज येतो का ते पाहायचं, कारण ते भोक सैल झालं की एकच कान वाजतो, आणि आपल्याला तर हा कीबोर्ड त्याच भोकासाठी हवा आहे. अडॅप्टर मूळचा आहे का ते विचारायचं. नसेल तर कीबोर्डच्या पाठीवर किती व्होल्ट आणि पिनच्या आत धन की ऋण हे छापलेलं असतं, त्याचा फोटो काढूनच दुसरा अडॅप्टर घ्यायचा. पिन बसते म्हणून कोणताही अडॅप्टर लावला की आतलं सर्किट जळतं आणि साडेपाच हजारांचं फळकूट होतं.

घरी आणल्यावर दोन बटणांपासून सुरुवातीला लांब राहावं. पहिलं ताल आणि साथ आपोआप वाजवणारं. ते लावलं की एका बोटाने गाण्याचा भास होतो, आणि हा भास इतका गोड असतो की महिनोन् महिने माणूस त्यातून बाहेर येत नाही. दुसरं ट्रान्सपोजचं. हे जरा नीट समजून घ्यायला हवं, कारण इथे झालेली चूक पेटीवर गेल्यावरच कळते.

आपल्याकडे स्वराची जागा पट्टीवरून सांगतात: पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन असं. पुरुषांचा ‘सा’ पुष्कळदा काळी एक किंवा काळी दोनच्या आसपास असतो, बायकांचा काळी चार किंवा काळी पाचला. आपल्या बाईंचा ‘सा’ काळी पाच आहे असं समजा. त्यांनी ट्रान्सपोज बटणाने कीबोर्ड दोन घरं खाली उतरवला, तर बोटं पांढरी एकच्या सोप्या जागी ठेवूनही सूर काळी पाचचा निघेल. एकही काळी पट्टी न दाबता बिलावल वाजेल. पण पुढे साध्या पेटीसमोर बसल्यावर हीच बोटं पांढरी एकपासून चालतील आणि गाणाऱ्या मंडळींचा ‘सा’ दुसरीकडेच असेल. पट्टी सरकवणारा स्केल चेंजर असलेली पेटी मिळते, पण ती साध्या पेटीपेक्षा बरीच महाग आणि जड असते. म्हणून सुरुवातीला काही आठवडे पांढरी एकवर बोटं बसवावीत आणि मग बटण न वापरता तेच अलंकार काळी एकवरून, नंतर आपल्या ‘सा’वरून काढावेत. काळी पाचवरून वाजवताना अंगठा कुठे ठेवायचा हा प्रश्न पहिल्यांदा छळतो. त्याचं उत्तर गुरूसमोर बसूनच मिळतं आणि ते एकदा मिळालं की कायमचं.

कीबोर्डची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती पेटीलाही लागू आहे. दोन्हींत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. मोबाइलवर तानपुऱ्याचं अॅप लावून, कीबोर्डवर त्याच ‘सा’चा शुद्ध गंधार दाबून धरला तर सुरात हलकी थरथर ऐकू येते. तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा पट्टीवरचा गंधार अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाएवढा चढा असतो. मींड तर दोन्हींवर नाहीच. याच आक्षेपांवरून १९४० साली आकाशवाणीवर पेटीला बंदी घातली गेली आणि ती १९७१पर्यंत टिकली. गायकांनी मात्र त्या तीन दशकांतही मैफलीत पेटीला हात जोडले नाहीत. भावगीत आणि नाट्यपद वाजवू पाहणाऱ्याला हा दोष वर्ष-दोन वर्षं अडवणार नाही. ज्याला मुळातच मींड आणि गमक हवी आहे, त्याने पट्टीचं वाद्य घेऊच नये. त्याने बासरी पाहावी.

बासरीला या भागात खरं तर पहाटेची माणसं शोभतात. साडेपाचला उठून ठाण्यात उपवनच्या किंवा तलावपाळीच्या काठी चालायला जाणारा माणूस घरच्या दाराखालच्या फटीची फिकीर करत नाही. बासरी पिशवीत मावते आणि जाणकार कारागिराची बरी बासरी हजार-दोन हजारांत मिळते. जत्रेत किंवा स्टेशनबाहेर मिळणारी शंभर रुपयांची बासरी बहुतेक वेळा बेसूर असते आणि नवशिक्याला ते कळत नाही. आपली फुंक चुकते असं समजून तो सोडून देतो.

कोणत्या पट्टीची बासरी घ्यायची हा खरा निर्णय. मैफलीत ऐकू येणारी गंभीर बासरी बहुधा पांढरी तीनची असते. हिंदुस्थानी पद्धतीत वरची तीन भोकं बंद केली की ‘सा’ आणि सगळी सहा बंद केली की खालचा ‘प’ निघतो. पांढरी तीनचा खालचा पंचम निघायला नळीची लांबी फुंकेच्या भोकापासून सत्तर सेंटिमीटरच्या आसपास लागते. म्हणजे भोकांमधलं अंतर इतकं मोठं की ज्याचा हात लहान आहे त्याची अनामिका भोकावर नीट बसतच नाही. बोटाच्या कडेतून हवा निसटली की स्वर फाटतो आणि बासरीतला बहुतेक बेसूरपणा तिथूनच येतो. पांढरी पाचच्या बासरीला साठ सेंटिमीटरच्या आत नळी पुरते. मोठ्या माणसाने सुरुवातीला हीच घ्यावी: बोटं आरामात पोचतात आणि आवाज अगदी कर्कशही होत नाही. त्याहून आखूड बासऱ्या सोप्या असतात, पण त्यांचा तीक्ष्ण सूर बंद खोलीत स्वतःच्याच कानाला टोचतो.

विकत घेण्याआधी तिथल्याच जाणकाराकडून वाजवून घ्यावी आणि मोबाइलच्या ट्यूनर अॅपवर मधला ‘सा’ आणि वरचा ‘सा’ एकाच रेषेत येतात का ते बघावं. एक बरोबर आणि दुसरा सतत खाली किंवा वर असेल तर नळीचा दोष आहे. दोन्ही सारखेच थोडे चढे दिसले तर काळजी नको. तापमान एक अंशाने वाढलं की बासरी अर्ध्या स्वराच्या शंभर भागांतले तीन भाग चढते. जानेवारीच्या पहाटे उतरलेली वाटणारी बासरी मे महिन्याच्या दुपारी चढते, तिला कुणी काही केलेलं नसतं. सुरुवातीच्या दिवसांत चक्कर येते ती फुप्फुसं कमजोर म्हणून नव्हे, तर घाईने भराभर फुंकल्यामुळे. दोन फुंकींमध्ये नेहमीसारखे चार श्वास घेतले की थांबते. तलावाच्या काठावर वाऱ्याकडे पाठ करून बसावं, नाहीतर ओठांवरून निघालेली फुंक भोकापर्यंत पोचतच नाही आणि हा दोषही लोक स्वतःवर घेतात.

पुन्हा आपल्या बाईंकडे. सहा-आठ महिने कीबोर्ड नेमाने वाजला, दहा-बारा गाणी हाताला लागली आणि मुलाची दहावी उरकली की शनिवार-रविवारच्या दुपारी पेटीला जागा निघते. कीबोर्डने उजव्या हाताचं काम पूर्ण केलेलं असतं. डाव्या हाताचं काहीच केलेलं नसतं. भाता किती आणि कधी दाबायचा, ओळ संपताना हवा कशी उरवायची, सूर फुगू न देता कसा टिकवायचा, हे पेटीवरच शिकावं लागतं आणि पहिल्या महिन्यात डावा हात उजव्याच्या मागे रेंगाळतो. ज्याला एकदम पेटीच घ्यायची आहे त्याला ही दोन्ही कामं एकाच वेळी शिकावी लागतात. वाईट नाही, फक्त सुरुवात संथ होते.

तेव्हाही पहिली पेटी जुनीच बघावी आणि शक्य असेल तर शिकवणाऱ्याला बरोबर न्यावं. दादर हे पेटीसाठी जुनं ठिकाण आहे आणि डोंबिवलीहून तिथे लोकलने जाऊन-येऊन अर्धा दिवस पुरतो. स्वतः तपासायचं झालं तर एकही पट्टी न दाबता भाता पूर्ण भरावा आणि हात सोडून ऐकावं. सू असा आवाज येत भाता लगेच रिकामा झाला तर कुठेतरी हवा निसटते आहे. जुन्या पेटीत बहुधा आतली चामडी वाळलेली किंवा झुरळांनी खाल्लेली असते. पट्टी न दाबता एखादा सूर वाजत राहिला तर ती पट्टी नीट बसत नाही. हे काम छोटं असतं. मग एकेका पट्टीवर दोन्ही सूर उघडून ऐकावं: खर्ज आणि नर दोन्ही वाजताना आवाज स्थिर असावा. सुरात लाटा येत असतील, सेकंदाला दोन-तीन हेलकावे, तर त्या पट्टीचे दोन सूर एकमेकांशी जुळत नाहीत. दोन-चार पट्ट्यांवर असं झालं तर जुळवून घेता येतं. सगळ्याच पट्ट्या हेलकावत असतील तर संपूर्ण पेटी जुळवायला लागेल आणि तो खर्च भावातून वजा करूनच पैसे मोजावेत. पावसाळ्यात पेटी जमिनीवर न ठेवता दिवाणावर किंवा कपाटात ठेवावी आणि दर चार दिवसांनी दहा मिनिटं तरी वाजवावी, कारण भात्यातून खेळणारी हवाच आतला दमटपणा बाहेर काढते.

कीबोर्ड लगेच विकायची घाई करू नये. नवीन गाणं बसवताना पहिल्या पन्नास चुका रात्री साडेनऊला हेडफोनमध्ये करून घ्याव्यात आणि रविवारी पेटीवर एक्कावन्नाव्या खेपेपासून सुरुवात करावी. भजनी मंडळात त्या बसायला लागल्या आणि पेटीचा हात बसला की कीबोर्ड घेतला त्याच्या जवळपास किमतीला जातो. फक्त त्याचा मूळ अडॅप्टर आणि शक्य असेल तर पावती जपून ठेवलेली असावी.